फ्रेमच्या कोपऱ्यात बोट किंवा पट्टा दिसतोय, झूम करूनही परत डोकावतोय: पंच-इन क्रॉप नीट कसा बसवायचा

मोबाईलवर शूट केलेल्या फुटेजमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटाचं टोक नाहीतर मनगटाच्या पट्ट्याची कड येते, ही तक्रार सतत कानावर येते आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "थोडं झूम कर, जाईल". ते खोटं नाही पण अर्धंच आहे. झूम केल्यावर लोकांना दोनपैकी एक अनुभव येतो, एकतर बोट जाईपर्यंत झूम एवढा वाढतो की माणसाच्या डोक्याला कात्री लागते, किंवा ज्या फ्रेमवर थांबून झूम केला तिथे सगळं स्वच्छ दिसतं आणि एक्स्पोर्ट करून बघितलं की मध्येच कुठेतरी बोट पुन्हा हजर. दोन्हीची कारणं वेगळी आहेत, आणि दोन्ही सुटतात.

आधी एक गोंधळ दूर करू. एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं Crop म्हणजे पंच-इन नव्हे. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच एडिटरमध्ये Crop लावलं की ती बाजू कापली जाते आणि तिथे काळी पट्टी राहते. पंच-इन म्हणजे चित्र मोठं करायचं, म्हणजे Scale किंवा Zoom वाढवायचा, आणि नको असलेला भाग फ्रेमच्या बाहेर ढकलायचा. मोबाईल ॲपमधलं क्रॉप बहुतेक वेळा कापून लगेच फ्रेम भरेपर्यंत मोठंही करतं, त्यामुळे मोबाईलवरून कॉम्प्युटरवर आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता पहिली अडचण, झूम जास्त का लागतो. Scale वाढवलं की चित्र मधोमध धरून चारी बाजूंनी फुगतं. उजवीकडचं बोट बाहेर घालवायला जेवढा भाग उजवीकडून जातो तेवढाच डावीकडूनही जातो, आणि डावीकडे तर काहीच खराब नव्हतं. म्हणजे एका बोटापायी दुप्पट भाग गमवावा लागतो. उपाय सोपा आहे, चित्र मध्यावर न धरता बोटाच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यावर धरायचं. बोट खाली उजवीकडे असेल तर वरचा डावा कोपरा जागच्या जागी खिळवायचा आणि मग मोठं करायचं, म्हणजे जे काही जाईल ते फक्त उजवीकडून आणि खालून जाईल.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. क्लिप 4K आहे, 3840 बाय 2160, चालत चालत हातात धरून शूट केलेली, बोलणारा माणूस फ्रेमच्या डाव्या एक तृतीयांशात आहे आणि डोक्यावर थोडीशीच जागा आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोट आहे. नुसत्या डोळ्यांनी ते उजव्या कडेपासून साधारण 200 पिक्सेल आत आल्यासारखं वाटतं. पण बोट लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे फोकसमध्ये नसतं, त्याला स्वच्छ कड नसते, एक लालसर तपकिरी धुरकट पट्टा हळूहळू विरत जातो. हा विरणारा भाग मोजलाच पाहिजे, नाहीतर बोट जातं आणि कोपऱ्यात एक मळकट सावली मागे राहते जी एडिट करताना दिसत नाही पण मोठ्या स्क्रीनवर लगेच डोळ्यात भरते. तो बघायला एक्स्पोजर किंवा गॅमा तात्पुरता खूप वर न्यायचा, काँट्रास्टही वाढवायचा, मग कोपरा बघायचा. आपल्या क्लिपमध्ये असं केल्यावर ती सावली 260 पिक्सेलपर्यंत पोचलेली निघते. उंचीला बोट खालच्या कडेपासून 410 पिक्सेल वर आलंय. मोजून झालं की एक्स्पोजर पूर्ववत करायला विसरू नका.

पिक्सेल मोजत बसायचं नसेल तर आणखी सोपी युक्ती आहे, आणि मला स्वतःला तीच जास्त आवडते. मघाशी म्हटलं तो Crop इफेक्ट इथे फूटपट्टी म्हणून वापरायचा. उजव्या बाजूचा स्लायडर बोट आणि सावली पूर्ण झाकली जाईपर्यंत सरकवायचा आणि टक्के वाचायचे. इथे 6.8 टक्के येतील. मग खालचा स्लायडर एकटा सरकवून बघायचा, तिथे 19 टक्के येतील. बोट कोपऱ्यात असल्यामुळे दोन्ही बाजूंनी घालवायची गरज नसते, एका दिशेने ते पूर्ण बाहेर गेलं की काम झालं. त्यामुळे ज्या दिशेचे टक्के कमी ती दिशा धरायची, इथे उजवी. आता Crop काढून टाका आणि हे गणित करा:

```
स्केल = 100 × 100 / (100 − टक्के)
100 × 100 / (100 − 6.8) = 107.3
```

वर थोडी मोकळीक ठेवून 108. हेच जर मधोमध धरून केलं असतं तर 6.8 दोन्हीकडून वजा झाले असते आणि 116 लागले असते. 108 आणि 116 मधला फरक आकड्यात छोटा दिसतो पण फ्रेममध्ये बघा, 116 ला रुंदीचा जवळजवळ 14 टक्के भाग जातो, 108 ला साडेसात टक्क्यांच्या आसपास.

विरुद्ध कोपरा खिळवायचे दोन मार्ग. पहिला, Scale 108 करून Position ने चित्र बोटाच्या दिशेने ढकलायचं, म्हणजे इथे उजवीकडे आणि खाली. ढकलायला किती वाव आहे तेही ठरलेलं असतं, 1920 बाय 1080 च्या टाइमलाइनवर 100 ला चित्र फ्रेमला बरोबर बसत असेल तर 108 ला आडवं 76 पिक्सेल आणि उभं 43 पिक्सेल, त्यापुढे गेलात की विरुद्ध बाजूला काळी रेघ उघडी पडते. प्रीमियरमध्ये Position मुळात 960, 540 असते, ती 1036, 583 होईल. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ आहे, Anchor Point च हलवायचा, म्हणजे ज्या बिंदूला धरून चित्र मोठं होतं तो बिंदू. प्रीमियरमध्ये Anchor Point 0, 0 आणि Position पण 0, 0 केलं की चित्र वरच्या डाव्या कोपऱ्याला खिळलं, आता फक्त Scale वाढवत जा, काळी रेघ येण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या एडिटरमध्ये अँकरचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजले जाऊ शकतात, काही ठिकाणी 0, 0 म्हणजेच मध्य असतो, तेव्हा हे आकडे आंधळेपणाने टाकू नका, Scale वाढवून कुठला कोपरा जागेवर राहतोय ते डोळ्यांनी बघा. मोबाईल ॲपमध्ये आकडे बहुधा नसतात, तिथे दोन बोटांनी थोडं मोठं करायचं आणि चित्र बोटाच्या कोपऱ्याकडे ओढत न्यायचं, विरुद्ध कड फ्रेमला टेकली की थांबायचं, बोट अजून दिसत असेल तर परत थोडं मोठं, परत ओढायचं.

इथे अजून एक फायदा दडलाय तो बघा. उजवीकडून बोट पूर्ण गेलं की वर-खाली कुठे धरायचं ते तुमच्या हातात राहतं. आपल्या माणसाच्या डोक्यावर जागा कमी होती म्हणून वरची कड जशीच्या तशी ठेवली आणि सगळी कापणी खालून घेतली. उलट पायाशी काही महत्त्वाचं चाललं असेल तर खालची कड धरून वरून कापलं तरी चालतं, कारण बोट आधीच उजवीकडून बाहेर गेलंय. माणूस मात्र थोडा सरकतो, डाव्या कडेपासून 33 टक्क्यांवर होता तो 36 च्या आसपास येतो, हे सहसा खटकत नाही.

पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजली तर बराच भाग वाचतो. बोट गोल असतं, कोपऱ्यात फुगीर बसतं. पट्टा ताणलेला असेल तर तो कोपरा तिरका कापतो, म्हणजे त्रिकोण होतो. समजा पट्टा खालच्या कडेवर 260 पिक्सेल आणि उजव्या कडेवर 410 पिक्सेल व्यापतोय, म्हणजे आकडे बोटाचेच. पण विरुद्ध कोपरा धरून मोठं केलं की उजवीकडून आणि खालून दोन्हीकडून एकदमच कापलं जातं, आणि नव्या फ्रेमचा कोपरा त्या तिरक्या रेषेच्या आत आला की पट्टा गेला. त्याला फक्त 5 टक्के पुरतात, म्हणजे 106 स्केल मोकळीक धरून सुद्धा पुरेसं. त्यामुळे तिरका पट्टा असेल तर आधी 106 लावून बघा, मग वाढवा. अट एकच, इथे उजवीकडून आणि खालून दोन्हीकडून कापावंच लागतं, वर-खाली सरकवायची मोकळीक मिळत नाही.

आता दुसरी अडचण, परत दिसणारं बोट. याचं कारण बहुतेक वेळा चालत शूट केलेल्या क्लिपमध्ये सापडतं. मोबाईलचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन काय करतं, तर हात हलला की रेकॉर्ड होणारी चौकट उलट दिशेने सरकवतं, म्हणून समोरचं दृश्य स्थिर दिसतं. पण बोट दृश्यात नसतं, ते फोनला चिकटलेलं असतं. त्यामुळे दृश्य स्थिर आणि बोट मात्र प्रत्येक पावलाला आत-बाहेर उड्या मारतं. ज्या फ्रेमवर तुम्ही थांबून मोजलंत तिथे बोट 260 पिक्सेल असेल आणि पुढे एका दणक्यात क्षणभरासाठी 330 होत असेल, तेवढी दोन-तीन फ्रेम एडिट करताना नजरेतून सुटतात आणि बघणाऱ्याला मात्र कोपऱ्यात काहीतरी लुकलुकल्यासारखं दिसतं. पट्ट्याचंही तसंच, वाऱ्याने किंवा चालण्याने तो झुलतो.

म्हणून मोजायचं ते सगळ्यात वाईट फ्रेमवर. ती शोधायला पूर्ण क्लिप साध्या आकारात बघण्यात अर्थ नाही, प्रिव्ह्यू 200 किंवा 400 टक्के करून फक्त तो कोपरा स्क्रीनवर आणायचा आणि क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायची, जिथे बोट जास्त आत येईल तिथे मार्कर टाकत जायचं. मग त्या मार्करमधली सगळ्यात वाईट फ्रेम धरून Crop ची फूटपट्टी लावायची. 330 पिक्सेल निघाले तर 8.6 टक्के झाले, स्केल 109.4, म्हणजे 110 लावायचं. पट्टा झुलत असेल तर रुंदीला सगळ्यात जास्त आलेली फ्रेम आणि उंचीला सगळ्यात जास्त आलेली फ्रेम वेगळ्या निघू शकतात, दोन्ही तपासा.

स्टॅबिलायझेशन एडिटरमध्ये लावणार असाल तर क्रम फार महत्त्वाचा. बोट असलेल्या मूळ क्लिपवर स्टॅबिलायझर चालवला तर दोन घोळ होतात. एक, स्टॅबिलायझर चित्रातले ठिपके पकडून हालचाल मोजतो, बोट फ्रेममध्ये जवळपास एकाच जागी असल्यामुळे त्याला वाटतं काही हलतच नाहीये, आणि मग चित्र मधूनच डुलतं, विशेषतः बोट मोठं असेल आणि मागे आकाश किंवा भिंतीसारखं सपाट काही असेल तर. दोन, स्टॅबिलायझर स्वतः चौकट हलवतो आणि तुम्ही कापून बाहेर टाकलेलं बोट परत आत ओढतो. म्हणून आधी पंच-इन, मग ती क्लिप नेस्ट किंवा कंपाउंड क्लिप करायची, म्हणजे केलेल्या बदलांसकट एक नवी क्लिप म्हणून गुंडाळायची, मग त्या कंपाउंडवर स्टॅबिलायझर. एकाच क्लिपवर Scale आणि स्टॅबिलायझर दोन्ही लावून ठेवले तर कोण आधी चालतं ते एडिटर ठरवतो, तुम्ही नाही. हा स्टॅबिलायझर स्वतःही थोडं कापतो, तेव्हा 110 वर त्याचे चार-पाच टक्के आणखी जातील हे धरूनच फ्रेम बघा.

आता असं समजा की दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये बोट फक्त चार सेकंद आलंय. तेवढ्याच चार सेकंदांना कापून 108 केलं तर ते फार वाईट दिसतं, कारण 8 टक्क्यांची उडी ही झूमही वाटत नाही आणि कटही वाटत नाही, चित्राला झटका बसल्यासारखं वाटतं. सरळ मार्ग म्हणजे संपूर्ण क्लिपला 108 लावून टाका, कुणाला कळत नाही. पूर्ण क्लिप मोठी करायची नसेल तर त्या जागी मुद्दाम कट वाटेल एवढं मोठं करा, 125 ते 130, माणूस बोलत असताना वाक्याच्या सुरुवातीला असा कट टाकला तर तो ठरवून केल्यासारखा दिसतो. तिसरा मार्ग हळू पुढे जाणारा झूम, 100 वरून 108 वर सहा-आठ सेकंदांत, बोट आत यायच्या आधी तो पूर्ण झालेला असला पाहिजे. या तिसऱ्या मार्गात बऱ्याच जणांना मध्येच काळी रेघ येते आणि ती का येते ते कळत नाही. Scale आणि Position दोन्हीला कीफ्रेम दिलेले असतात, पण एकाला ईझ लावलेलं असतं, म्हणजे ते हळू सुरू होऊन हळू थांबतं, आणि दुसरं एकाच वेगाने सरळ चाललेलं असतं, मग मधल्या काही फ्रेममध्ये चित्र पुरेसं मोठं व्हायच्या आधीच बाजूला सरकतं. दोन्हीला एकसारखं ईझ द्या, किंवा मघाशी सांगितलं तसं अँकर कोपऱ्यात नेऊन फक्त Scale ला कीफ्रेम द्या.

ती काळी रेघ शोधायची पण एक युक्ती आहे. एक पिक्सेलची काळी रेघ अंधाऱ्या दृश्यात दिसतच नाही. टाइमलाइनवर क्लिपच्या खालच्या ट्रॅकवर भडक हिरव्या रंगाची सॉलिड लेअर टाकून ठेवा, चित्र कुठेही कमी पडलं की तिथे हिरवं चमकतं. तपासून झालं की ती लेअर काढा.

शार्पनेसबद्दल. 4K क्लिप 1080 च्या टाइमलाइनवर असेल तर 108 काय 110 काय, चित्राला काहीच होत नाही, दुपटीपर्यंत पिक्सेल शिल्लक असतात. फक्त एक बघा, प्रीमियरच्या बऱ्याच व्हर्जन्समध्ये Scale to Frame Size आणि Set to Frame Size असे दोन पर्याय दिसतात. पहिला चित्र टाइमलाइनच्या आकाराला आधी बारीक करून टाकतो आणि मग तुम्ही ते बारीक झालेलं चित्र मोठं करत बसता, 4K चा फायदा तिथेच संपतो. दुसरा मूळ पिक्सेल ठेवतो, Scale 50 दाखवतो, आणि मग 108 म्हणजे तिथे 54 टाकायचं. 1080 ची क्लिप 1080 च्या टाइमलाइनवर असेल तर 110 पर्यंत माझ्या मते बिनधास्त चालतं, 120 च्या पुढे केस, पानं, लांबची अक्षरं मऊ पडलेली दिसू लागतात. थोडं शार्पन लावता येतं पण रात्रीच्या किंवा घरातल्या कमी उजेडाच्या फुटेजवर नको, तिथे डिटेल येत नाही, फक्त दाणे टोकदार होतात.

उभ्या व्हिडिओचं वेगळं मोजायला लागतं. मूळ शूटच उभं असेल, 2160 बाय 3840, तर तेच 260 पिक्सेल रुंदीच्या 12 टक्के होतात आणि 410 पिक्सेल उंचीच्या 10.7 टक्के, म्हणजे इथे खालून कापणं स्वस्त पडतं आणि स्केल 112 येतं. आणि आडव्या शूटमधून उभी रील काढत असाल तर बहुतेक वेळा पंच-इनची गरजच नसते, 1080 उंचीला फक्त 608 च्या आसपास रुंदी वापरली जाते आणि कोपरा आपोआप बाहेर जातो, तेव्हा आडव्या टाइमलाइनवरून कॉपी केलेलं 108 तिथे तसंच पडून राहिलं असेल तर काढून टाका, उगाच चेहरा मोठा होतो.

काही फुटेजला यातलं काहीच लागू पडत नाही. बोट फ्रेमच्या पावभागाएवढं आत आलं असेल तर पंच-इन 133 च्या पुढे जातं आणि शॉटची रचनाच बदलते. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत काही असेल, एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला पट्टा, तर बोटाच्या विरुद्ध कोपरा मोकळा उरत नाही, आणि डावीकडून-उजवीकडून दोन्हीकडून कापायचं ठरवलं तर दोन्ही बाजूंचे टक्के मिळवूनच स्केल काढावं लागतं. आणि बोट लेन्सला जवळजवळ चिकटलेलं असेल, त्यावर ऊन पडत असेल, तर त्याचा उजेड पूर्ण चित्रावर पसरून काँट्रास्ट फिका पडतो, कोपरा कापला तरी तो फिकेपणा तसाच राहतो, तो कलर करेक्शनमध्ये काळं खाली ओढूनच सुधारावा लागतो. फोन ट्रायपॉडवर असेल आणि पट्टा मध्येच लोंबून आला असेल तर झूम करूच नका, त्याच क्लिपमधली पट्टा नसलेली फ्रेम फ्रीझ करून वरच्या ट्रॅकवर ठेवा, फक्त त्या कोपऱ्यापुरता मास्क काढा, कडेला 30-40 पिक्सेल फेदर द्या, मागे काही हलत नसेल आणि उजेड बदलत नसेल तर जोड दिसत नाही आणि फ्रेम पूर्ण राहते.

पुढच्या शूटला हेच पुन्हा होऊ नये म्हणून एवढं करा. बोट प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात येत असेल तर तुमची पकड आणि लेन्सची जागा एकमेकांना नडतायत, आणि अल्ट्रावाइडवर म्हणजे 0.5 वर ते सगळ्यात जास्त दिसतं कारण त्या लेन्सला कडेचं खूप आतपर्यंत दिसतं. फोन आडवा धरताना 180 अंशात उलटा फिरवून बघा, कॅमेरे पकडीच्या हातापासून दूर जातात. शूट सुरू करण्याआधी पाच सेकंद रेकॉर्ड करून ते गॅलरीत उघडा आणि चारी कोपरे मोठे करून बघा, कारण शूट करताना स्क्रीनच्या कडेला बटणं आणि आयकॉन असतात आणि नेमके कोपरेच त्यांच्याखाली झाकले जातात.